एक्सएमपी चालू आणि मशीन कधीही रीस्टार्ट: दोष रॅमचा, प्रोसेसरचा की पट्ट्यांच्या संख्येचा?

नाशिकहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला तेव्हा तिची तक्रार रॅमबद्दल नव्हतीच. "दादा, ग्राफिक्स कार्ड गेलंय बहुतेक. रेंडर लावलं की मधेच मशीन रीस्टार्ट होतं." ती वास्तुविशारद आहे. घराचे आराखडे करते आणि ग्राहकाला दाखवायला त्यांचे वॉकथ्रू बनवते. जवळच्या दुकानात मशीन दोनदा जाऊन आलं होतं. एकदा विंडोज नव्याने टाकलं, एकदा एसएमपीएस बदलला. दोन्ही वेळा चारपाच दिवस बरं चाललं आणि मग पुन्हा तेच सुरू झालं.

मी तिला दोन गोष्टी विचारल्या. ब्लू स्क्रीनवर दर वेळी एकच नाव येतं की वेगवेगळी नावं येतात? आणि मशीन पहिल्यांदा बिघडलं त्याच्या आसपास काय बदललं होतं? पहिल्या प्रश्नाला तिने मोबाइलवर काढलेले तीन फोटो पाठवले. एकावर `MEMORY_MANAGEMENT` होतं, दुसऱ्यावर `IRQL_NOT_LESS_OR_EQUAL` आणि तिसऱ्यावर `PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA`. दुसऱ्याला उत्तर असं, की जानेवारीत तिने रॅम 16 जीबीवरून 32 केली होती. आधीची होती तीच कंपनी, तेच मॉडेल, फक्त दुसरा जोड.

एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा एकच फाइल, एकच कोड पुन्हा पुन्हा दिसतो. दर वेळी वेगळं नाव येतं तेव्हा संशय रॅमवर घ्यावा, कारण चुकलेला बिट नेमका कुणाच्या डेटात जाऊन बसेल याला धरबंध नसतो. तो ब्राउझरच्या वाट्याला आला तर एक टॅब कोसळतो, विंडोजच्या गाभ्यात गेला तर निळा पडदा येतो, आणि एखाद्या चित्राच्या फाइलमध्ये गेला तर काहीच होत नाही, फक्त ती फाइल कायमची बिघडलेली राहते. ती म्हणालीच, की ग्राहकाने पाठवलेली झिप फाइल उघडताना `CRC failed` येतं आणि तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली की नीट उघडते. हे ऐकल्यावर माझी शंका पक्की झाली. डिस्कवर फाइल जशीच्या तशी आहे आणि ती एकदा चुकीची वाचली जाते, एकदा बरोबर, तर चूक वाटेत होते आहे.

खोक्यावरचा आकडा कशाचा असतो

रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, जिच्यात त्या पट्टीची माहिती लिहिलेली असते. त्यातला पहिला भाग जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या वेगांचा. डीडीआर4 या पिढीच्या रॅमसाठी ते 2133, 2400, 2666 असे 3200 पर्यंत जातात आणि व्होल्टेज 1.2 असतं. मशीन पहिल्यांदा सुरू होतं ते यातल्याच एखाद्या वेगावर. दुसरा भाग म्हणजे एक्सएमपी. ही पद्धत इंटेलची, डीडीआर3 च्या काळात आलेली. रॅम बनवणारी कंपनी तिथे लिहून ठेवते, की ही पट्टी 3600 वर, अमुक टायमिंगला, 1.35 व्होल्टवर चालते. एएमडीच्या बोर्डांवर हाच पर्याय कुठे `DOCP`, कुठे `A-XMP` या नावाने दिसतो, आणि डीडीआर5 साठी एएमडीने 2022 मध्ये एक्स्पो नावाची स्वतःची पद्धत आणली. बायोसमध्ये हा पर्याय चालू केला की बोर्ड तो तक्ता वाचून लागू करतो.

आता यातली गोम. तो तक्ता पट्टीच्या वतीने लिहिलेला आहे. तुमच्या प्रोसेसरच्या वतीने कुणी काही लिहिलेलं नाही. रॅमशी बोलणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याची अधिकृत मर्यादा वेगळी असते. बहिणीच्या मशीनमध्ये रायझन 5 5600 आहे. एएमडी त्यासाठी 3200 पर्यंतची हमी देते, तीही दोन पट्ट्या असतील तर. चार पट्ट्या लावल्या की ती मर्यादा 2933 वर येते, आणि चारही पट्ट्या दोन रँकच्या असतील, म्हणजे चिपांचे दोन संच असलेल्या, तर 2666 च्या आसपास. म्हणजे 3600 चं एक्सएमपी चालू करणं हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. एका बटणात होतं म्हणून ते तसं वाटत नाही इतकंच.

शिवाय जोड म्हणून विकलेल्या दोन पट्ट्या कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात. तसेच दोन जोड घेतले म्हणून चार पट्ट्या एकत्र चालतील असं कुणी तपासलेलं नसतं. मॉडेल नंबर तोच असूनही आतल्या चिपा वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहिणीने रॅम घेताना मला विचारलं असतं तर मी 16-16 चा एक जोड घे आणि जुना विकून टाक असं सांगितलं असतं. आता ते होऊन गेलं होतं.

काही बदलण्याआधी

पहिलं काम एक्सएमपी बंद करण्याचं. बायोसमध्ये जाऊन तो पर्याय `Disabled` केला, बाकी कशाला हात लावला नाही. मशीन 2666 वर आलं. खरंच आलं का हे विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून बघता येतं:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select-Object DeviceLocator, PartNumber, ConfiguredClockSpeed
```

यात प्रत्येक पट्टी कुठल्या स्लॉटमध्ये आहे, तिचा पार्ट नंबर काय आणि ती आत्ता किती वेगाने चालते हे ओळीने दिसतं. बहिणीला सांगितलं, की चार दिवस नेहमीचं काम कर, रेंडर लाव, काही राखून करू नकोस. चार दिवसांत एकदाही मशीन पडलं नाही.

ही चाचणी सगळ्यात साधी आहे आणि बरेच जण नेमकी तीच करत नाहीत. एक्सएमपी बंद करूनही चुका येत राहिल्या असत्या तर मग टायमिंग आणि व्होल्टेजच्या वाटेला जायचं कारणच नव्हतं. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासायची, दोषी सापडली की वॉरंटीत बदलून घ्यायची. जेडेकच्या वेगावर चुकणारी पट्टी खराबच असते, तिला जास्त व्होल्टेज देऊन सांभाळत बसू नये.

दुसरं काम बॅकअपचं. अस्थिर रॅमवर चालणारं विंडोज डिस्कवर काहीही लिहू शकतं. म्हणून चाचण्या संपेपर्यंत मोठ्या फाइली इकडून तिकडे हलवायच्या नाहीत, विंडोज अपडेट होऊ द्यायचं नाही. बहिणीच्या प्रोजेक्टच्या फाइली एक्सएमपी बंद असतानाच बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. त्याच वेळी बोर्डाचा बायोसही नवीन केला. रायझनच्या बोर्डांवर रॅमशी जुळवून घेण्याचा सगळा भाग बायोसमध्येच असतो आणि नुसत्या बायोस अपडेटने प्रश्न सुटल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. इथे मात्र सुटला नाही.

चाचणी कशाने आणि किती वेळ

विंडोजमध्ये येणारी मेमरी तपासणी, म्हणजे `mdsched`, मी वापरत नाही. पूर्ण मेलेली पट्टी ती पकडते, कडेवर चालणारी नाही. पेनड्राइव्हवरून चालणारा मेमटेस्ट86 चांगला आहे. तो विंडोजच्या आधी सुरू होतो, त्यामुळे चाचणीत डिस्कवरच्या फाइलींना धोका नसतो. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात आणि 32 जीबीला रात्रभर लागू शकते.

एक्सएमपी पुन्हा चालू करून बहिणीच्या मशीनवर रात्रभर मेमटेस्ट86 लावला. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. इथे बहुतेक लोक "रॅम चांगली आहे" म्हणून पुढे जातात आणि ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतात. पण रात्री खोली थंड होती, ग्राफिक्स कार्डला काही काम नव्हतं आणि रेंडर चालू असताना कॅबिनेटमध्ये जी धग असते ती तेव्हा नव्हती.

धगीचं महत्त्व कळायला रॅमच्या आत डोकवावं लागेल. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारी एक अतिसूक्ष्म जागा. ती पाझरणाऱ्या माठासारखी असते. भरलेला माठ हळूहळू रिकामा होतो, म्हणून तो पुरता रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा लागतो. डीडीआर4 मध्ये प्रत्येक बिट 64 मिलिसेकंदांत एकदा असा ताजा केला जातो. तापमान वाढलं की पाझर वाढतो. 40 अंशांवर ज्या बिटचा भार पुढची फेरी येईपर्यंत टिकतो, तोच 55 अंशांवर टिकेल असं नाही, विशेषतः टायमिंग आधीच ओढून बसवलेले असतील तेव्हा. नाशिकमध्ये जानेवारीत रॅम लावली आणि त्रास खरा वाढला मार्च-एप्रिलमध्ये, हे तिने नंतर आठवून सांगितलं.

म्हणून दुसरी चाचणी विंडोजमधेच, गरम मशीनवर केली. टेस्टमेम5 नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. त्याच्याबरोबर `anta777 extreme` नावाची कॉन्फिग फाइल वापरतात, जी रॅमला मेमटेस्टपेक्षा बरंच जास्त दमवते. एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवलं, त्यात पट्ट्यांचं तापमान दिसतं, जर पट्टीवर सेन्सर असेल तर. बहिणीच्या पट्ट्यांवर आहे. आधी वीस मिनिटं रेंडर चालवून कॅबिनेट तापवलं आणि मग टेस्टमेम5 लावला. बत्तिसाव्या मिनिटाला पहिली चूक आली. मधल्या दोन पट्ट्या तेव्हा 52 अंशांवर होत्या.

एक चूक म्हणजे नापास. आठ तासांत एकच आली तरी नापास. "एवढी तर चालेल" असा हिशोब इथे करता येत नाही, कारण ती एक चूक तुमच्या कुठल्या फाइलीत बसणार हे तुमच्या हातात नाही.

कमजोर कडी कोणती

आता खरा प्रश्न, काय सैल करायचं? सगळं एकदम सैल केलं तर मशीन टिकेल, पण काय बिघडलं होतं ते कळणार नाही. इथे तीन संशयित आहेत. पट्टीवरच्या चिपा, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, आणि या दोघांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या तारा. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

वेगळं करून बघायला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ लागतो. जुना जोड एकटा लावला, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. एक्सएमपी 3600, तीच गरम चाचणी. तीन फेऱ्या, शून्य चुका. मग नवा जोड एकटा लावला. त्यालाही शून्य. चारही लावल्या की चुका.

म्हणजे चिपा निर्दोष. आपापल्या जोडीत त्या 3600 ला नीट चालतात. चार झाल्यावर जे वाढतं ते तारांवरचं ओझं आणि कंट्रोलरचं काम. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बोर्डांवर तारा साधारण एका पट्टीवरून पुढे दुसऱ्या पट्टीकडे जातात. दोनच पट्ट्या, त्याही शेवटच्या स्लॉटमध्ये असतील तर सिग्नल स्वच्छ पोचतो. चार असल्या की वाटेतल्या प्रत्येक थांब्यावरून तो थोडा परावर्तित होतो, कडा धूसर होतात, आणि वेग जितका जास्त तितकी ही धूसर कडा ओळखायला कंट्रोलरला वेळ कमी.

हे कळल्यावरसुद्धा मी सगळे उपाय एकेक करून पाहिले, कारण अंदाज बरोबर आहे का हे त्यातूनच ठरतं.

आधी व्होल्टेज. `DRAM Voltage` 1.35 वरून 1.38 केलं. पहिली चूक बत्तिसाव्या मिनिटाऐवजी तासाभराने आली. बरं वाटलं, म्हणून 1.40 केलं. आता चूक पंचविसाव्या मिनिटाला आली. पट्ट्या 56 अंशांवर गेल्या होत्या. व्होल्टेजने जे कमावलं ते उष्णतेने खाल्लं. म्हणून व्होल्टेज वाढवताना तापमानाचा आकडा बघितल्याशिवाय "आणखी थोडं" करत जाऊ नये. घरगुती मशीनमध्ये, पट्ट्यांवर वेगळा पंखा नसताना, डीडीआर4 ला 1.40 च्या पुढे नेण्याची मला गरज पडलेली नाही आणि मी नेतही नाही.

मग कंट्रोलरचं व्होल्टेज, ज्याला रायझनमध्ये `SOC Voltage` म्हणतात. बोर्डाने ते आपणहून 1.1 केलं होतं. ते 1.125 केलं. चुका थोड्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. हे व्होल्टेज मनाला येईल तसं वाढवायचं नसतं. डीडीआर5 वाल्या रायझन 7000 वर 2023 मध्ये काही प्रोसेसर जळाल्याचं समोर आलं, आणि त्यानंतर एएमडीने याच व्होल्टेजला 1.3 ची मर्यादा बायोसमधूनच घातली. अनेक बोर्डं एक्स्पो चालू करताना ते आपणहून वर नेत होती. म्हणून `Auto` लिहिलं आहे म्हणजे सुरक्षित आहे असं धरू नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्यक्ष आकडा बघा.

तिसरा उपाय टायमिंगचा. हे आकडे काय असतात ते एकदा समजलं की भीती जाते. रॅमचं कोठार तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूमसारखं आहे असं समजा. कागद हवा असेल तर आधी योग्य कपाट उघडावं लागतं, मग त्यातून कागद काढून खिडकीवर आणावा लागतो, आणि दुसऱ्या कपाटातलं काही हवं असेल तर आधीचं बंद करावं लागतं. कपाट उघडायला दिलेला वेळ म्हणजे `tRCD`, कागद काढायला दिलेला वेळ `tCL`, कपाट बंद करायला दिलेला वेळ `tRP`, आणि एकदा उघडलेलं कपाट निदान इतका वेळ उघडं ठेवायचं तो `tRAS`. मघाच्या माठ भरण्याच्या कामालाही वेळ लागतो, तो `tRFC`. बहिणीच्या पट्ट्यांवर 18-22-22-42 असं छापलं होतं, ते पहिले चार. टायमिंग सैल करणं म्हणजे शिपायाला जास्त वेळ देणं. घाईत चुकीचा कागद उचलला जात असेल तर याने चुका थांबतात.

मी 20-24-24-46 केलं. `tRFC` सुद्धा वाढवून पाहिला. चुका तशाच. शिपाई घाई करत नव्हताच. कागद बरोबर निघत होता, तो खिडकीपर्यंत येताना वाटेत बिघडत होता. चिपा निर्दोष आहेत हे जोड वेगळे करून कळलं होतंच, ते इथे पुन्हा पक्कं झालं.

उरला वेग. 3600 वरून 3400 केला, टायमिंग मूळचेच, व्होल्टेज 1.35. रॅमचा खरा घड्याळी वेग छापील आकड्याच्या निम्मा असतो आणि रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतली जोडणी, `FCLK`, त्याच्या बरोबरीने ठेवायची असते. म्हणजे 3400 साठी 1700, 3200 साठी 1600. `Auto` वर बोर्ड सहसा हे करतो, तरी बघून घ्यावं. 3400 वर टेस्टमेम5 च्या तिन्ही फेऱ्या स्वच्छ गेल्या. मला वाटलं झालं. पण मी एक वेगळ्या प्रकारची चाचणीही लावतो, वाय-क्रंचर. हा मुळात पाय या संख्येचे अंक काढणारा प्रोग्राम. त्याच्या ताण चाचण्या प्रोसेसर आणि मेमरी कंट्रोलर दोघांना एकदम कामाला लावतात, आणि नुसत्या रॅमच्या चाचणीत न दिसणारी कंट्रोलरची कमजोरी तिथे दिसते. दोन तासांनी त्याने चूक दाखवली.

मग 3200.

3200 म्हणजे हार का?

बहिणीचा चेहरा पडला. "म्हणजे 3600 चे पैसे दिले ते वाया?" तिला मी कागदावर हिशोब करून दाखवला, तो इथेही देतो.

टायमिंगचा आकडा म्हणजे घड्याळाचे टोले. खरा वेळ हवा असेल तर टोल्यांना 2000 ने गुणायचं आणि छापील वेगाने भागायचं. उत्तर नॅनोसेकंदात येतं.

```
3600 ला tCL 18  : 18 × 2000 / 3600 = 10.0
3200 ला tCL 16  : 16 × 2000 / 3200 = 10.0
3600 ला tRCD 22 : 22 × 2000 / 3600 = 12.2
3200 ला tRCD 20 : 20 × 2000 / 3200 = 12.5
```

वेग कमी केल्यावर प्रत्येक टोला लांबतो, म्हणून टोल्यांची संख्या कमी करता येते आणि चिपेला मिळणारा खरा वेळ जवळपास तोच राहतो. म्हणजे 3200 ला 16-20-20-38 लावलं तर पहिला कागद हातात यायला 3600 इतकाच वेळ लागतो. कमी होते ती एका सेकंदात वाहून नेण्याची क्षमता. दोन चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांवर मिळून, 3600 ला ती कागदोपत्री 57.6 जीबी असते, 3200 ला 51.2. साधारण 11 टक्के घट. तिचं रेंडर ग्राफिक्स कार्डावर होतं, त्यामुळे तिच्या कामात हा फरक दिसण्याचं कारण नव्हतं. आणि 32 जीबी तिला खरोखर लागते. मोठा प्रकल्प उघडला की 20 च्या वर जाते. 16 जीबी 3600 ला चालवण्यापेक्षा 32 जीबी 3200 ला चालवणं तिच्यासाठी सरळ फायद्याचं.

आधी 3200 ला मूळचेच 18-22-22-42 ठेवून चाचण्या केल्या. स्वच्छ. मग 16-20-20-38 केलं, बाकी काही न बदलता, आणि सगळं पुन्हा: गरम कॅबिनेटवर टेस्टमेम5 च्या तीन फेऱ्या, रात्रभर वाय-क्रंचर, आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86. सगळीकडे शून्य. `SOC Voltage` पुन्हा 1.1 वर आणलं, रॅमचं 1.35 वरच ठेवलं. चार पट्ट्यांना एएमडीची मर्यादा 2933 आहे हे लक्षात घेतलं तर हे 3200 सुद्धा हमीच्या बाहेरचंच आहे. म्हणून चाचण्यांत सूट दिली नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मशीन बंद करून, दहा मिनिटं थांबून, पुन्हा सुरू करून टेस्टमेम5 ची एक फेरी मी दोनदा केली. सुरू होताना बोर्ड प्रत्येक पट्टीशी जुळवून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि एक्सएमपीच्या तक्त्यात नसलेल्या काही बारीक जुळण्या तो तेव्हा ठरवतो. त्या दर वेळी अगदी त्याच येतील असं नाही. रात्री पास झालेलं मशीन सकाळी थंड सुरू केल्यावर नापास होतं ते यामुळे.

तुमच्याकडे दोनच पट्ट्या असतील तर

मग क्रम बदलतो. दोन पट्ट्या, एक्सएमपी 3200 किंवा 3600, आणि तरी चुका, तर चिपांवर संशय आधी. पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये आहेत का बघा. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये लावलेल्या असतील तर त्या सहसा एकाच चॅनेलवर बसतात आणि वेगही जातो, स्थिरताही. मग तापमान बघा. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट पट्ट्यांवर जात असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याने जे होईल ते व्होल्टेजने होणार नाही. त्यानंतर `tRCD` आणि `tRP` दोनने वाढवा, `tRFC` वाढवा, चाचणी करा. याने चुका थांबल्या तर तिथेच थांबा. नाही थांबल्या तर व्होल्टेज 0.02 ने वाढवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. दोन बदल एकत्र केले आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही. पट्ट्या नव्या असतील आणि बोर्ड-प्रोसेसरच्या मर्यादेतल्या वेगावरही छापील टायमिंगला त्या चुकत असतील, तर हे काहीही न करता बदलून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

डीडीआर5 वाल्यांना दोन गोष्टी वेगळ्या लागू होतात. त्यातल्या चिपा आपल्या आतली एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करतात, म्हणून काही जणांना वाटतं की आता चाचणीची गरज नाही. पण ती दुरुस्ती चिपेच्या आतल्याआत आहे. वाटेत, तारांवर होणारी चूक तिला दिसत नाही, आणि एक्सएमपीच्या वेगावर बहुतेक चुका तिथेच होतात. दुसरं, चार पट्ट्यांचा फटका तिथे फार मोठा आहे. रायझन 7000 ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग 5200 आहे, चारवर 3600. चार पट्ट्यांवर 6000 चं एक्स्पो चालू करून ते चालेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे. डीडीआर5 घेताना दोनच पट्ट्या घ्या, पुढे लागेल तेवढी क्षमता आधीच धरून.

चुकीचे आकडे टाकल्यामुळे मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. पडदा काळा राहतो, पंखे फिरतात. डीडीआर5 चे बोर्ड पहिल्या ट्रेनिंगला काही मिनिटंही घेतात, तेवढं थांबा. बरेच बोर्ड दोनतीन प्रयत्नांनी आपणहून जुन्या वेगावर परततात. तसं झालं नाही तर प्लग काढून बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर2032, पाचेक मिनिटं काढून ठेवा किंवा `CLR_CMOS` लिहिलेल्या दोन पिना क्षणभर जोडा. बायोस मूळ स्थितीत येतो.

बहिणीच्या मशीनवर सगळं झाल्यावर शेवटी `sfc /scannow` चालवलं. त्याला विंडोजच्या काही फाइली बिघडलेल्या सापडल्या आणि त्याने त्या दुरुस्त केल्या. म्हणजे महिनोन् महिने चाललेल्या चुका डिस्कपर्यंत पोचल्या होत्याच. तिच्या जुन्या प्रोजेक्टच्या फाइली आम्ही एकेक उघडून पाहिल्या. दोन उघडल्या नाहीत. त्यातल्या एकीची जुनी प्रत तिने ग्राहकाला ईमेलने पाठवलेली होती, ती परत मिळाली. दुसरी गेली.

नवे आकडे बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून साठवले आणि तेच एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले: 3200, 16-20-20-38, 1.35, एसओसी 1.1, तारीख. बायोस अपडेट केला की साठवलेलं प्रोफाइल बहुधा पुसलं जातं आणि दुकानातला माणूस "एक्सएमपी बंद होतं, चालू करून दिलं" म्हणून पुन्हा 3600 लावून देतो. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून तिने स्वतः टेस्टमेम5 लावला आणि मला फोटो पाठवला. पट्ट्या 54 अंशांवर, तिसरी फेरी पूर्ण, चुकांच्या रकान्यात काही नाही.